विहाराचं गठडं आणि तांबडं पाणी

मत्सर ही गोष्ट मी आयुष्यात फार मन लावून केलेली आहे. स्वयंपाक, शिवण, पोरांचे अभ्यास हे सगळं केलं, पण जेमतेम पास होण्यापुरतं. मत्सरात मात्र मी कायम पहिल्या नंबरात आणि तोही नुसत्या पांढऱ्या चादरींवरून. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं. त्याला गठडं म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून वाटतं.

आमच्या विहाराच्या अठरा पांढऱ्या चादरी, मूर्तीमागचे दोन पडदे आणि मेजावरचा एक कपडा, असं एक गठडं होतं. बुद्ध पौर्णिमेच्या आधी आठवडाभर ते महिला मंडळातल्या एका बाईच्या घरी धुवायला जायचं. पौर्णिमेच्या सकाळी तिनं ते विहारात आणायचं, सगळ्या बायकांसमोर सोडायचं, एकेक चादर झटकून अंथरायची. आणि मग मूर्तीमागचा पडदा तिच्याच हातानं लागायचा. नियम असा कुठं लिहिलेला नव्हता. पण पांढरं पातळ नेसून, स्टुलावर चढून, खाली पन्नास बायका माना वर करून बघताहेत आणि आपण पडद्याची दोरी खिळ्याला अडकवतोय, हे ज्या बाईनं अनुभवलंय तिला नियम लिहून दाखवावा लागत नाही.

बारा वर्षं ते स्टूल माझं होतं. तेव्हा आम्ही राजारामपुरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. नळाला महापालिकेचं पाणी यायचं, तासभरच यायचं, पण काचेसारखं. त्या पाण्यात धुतलेल्या माझ्या चादरींकडं बघून आमच्या मंडळाच्या अक्का म्हणायच्या, डोळे दिपतात गं. अक्का म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, वयानं सत्तरीच्या, आवाजानं तिशीच्या. त्या कुणाला सहज चांगलं म्हणत नसत, त्यामुळं मी ते वाक्य घरी येऊन चार दिवस पुरवून पुरवून वापरायची.

मग सत्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला आम्ही कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या रानाला लागून एक प्लॉट घेतला आणि घर बांधलं. माझे यजमान साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, त्यांना कामावर चालत जाता येणार होतं. स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, वर गच्ची. फक्त महापालिकेचं पाणी तिथवर आलेलं नव्हतं. म्हणून बोअर मारली. पाणी लागलं तेव्हा मी पेढे वाटले. पाणी भरपूर, थंड आणि दिसायला अगदी स्वच्छ. जिभेवर ठेवलं की मात्र जुना खिळा चोखल्यासारखं लागायचं.

पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना चहा केला तर तो काळाभोर झाला, शाईसारखा. दूध ओतलं तरी राखेच्या रंगाच्या पुढं जाईना. पावणं कपाकडं बघत बसलं आणि शेवटी म्हणालं की सकाळीच पिऊन आलोय. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातली नवी पांढरी फरशी नळाखाली तांबडी व्हायला लागली. बादलीत पाणी काढलं की स्वच्छ, तासा-दोन तासांनी पिवळट, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर तांबडा गाळ. बोअरमारूनं सांगितलं होतं की नवी बोअर आहे, चार दिवस उपसा करा, जाईल. आम्ही चार महिने उपसा केला.

त्या वर्षी पौर्णिमेचं गठडं नेहमीसारखं माझ्याकडं आलं. मी ते सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घातलं. सकाळी बघते तर चादरींवर पिवळी झाक. मी घाबरले नाही. पांढरं करायचं म्हणजे ब्लिचिंग पावडर, हे मला बारा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. दोन मुठी पावडर टाकली. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हाताखाली ते पाणी विटकरी झालं. मला वाटलं पावडर कमी पडली, म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या. पावडरनं पाण्यातलं लोखंड झटक्यात गंजतं आणि तो गंज थेट कापडाच्या धाग्यावर बसतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पौर्णिमेला मी गठडं विहारात सोडलं. अक्कांनी चष्मा पुसला, एक चादर उचलून उजेडात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या,

"बाई, चादरी धुवायला दिल्त्या. चीवर रंगवायला न्हवं."

भन्तेजी समोरच बसले होते, त्यांच्या अंगावरचं भगवं-तांबूस चीवर आणि माझ्या चादरी यांच्यात खरोखरच फारसा फरक नव्हता. ते बिचारे खाली बघून हसले. बायका मात्र खाली न बघताच हसल्या.

पुढच्या वर्षी गठडं गेलं माझ्या शेजारणीकडं.

ही शेजारीण म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली. आमच्यानंतर सहा महिन्यांनी राहायला आली. विहार तोच, मंडळ तेच, बोअरही आमच्यापासून वीस पावलांवर मारलेली. बाई अबोल, बारीक, चालताना चपलेचा आवाज न करणारी. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत फिटर. मी त्यांना भावजी म्हणायची, ती दोघं मला वैनी म्हणायची आणि वरून सगळं गोड होतं. पण तिच्या दोरीवर चादरी वाळत पडल्या त्या सकाळी मी गच्चीवर गेले आणि कठड्याशीच थांबले. पांढऱ्या म्हणजे किती पांढऱ्या. कावळ्यानं वरून उडताना डोळे मिटावेत इतक्या. त्याच रानातलं पाणी, तेच ऊन, आणि माझ्या दोरीवर यजमानांचा बनियन वाळतोय तो चहात बुडवून काढल्यासारखा.

पौर्णिमेला ती स्टुलावर चढली. पातळाचा काठसुद्धा कुठं पिवळा नव्हता. पडदा लावताना ती एकदाही खाली बघेना, म्हणजे तिला काही विशेष वाटतच नव्हतं. मला तेच जास्त लागलं. मी बारा वर्षं दर वेळी खाली बघत होते.

मग मी हेरगिरी सुरू केली. वाळवण बघायला, कावळे हाकलायला, कशाला ना कशाला मी दिवसातून सहा वेळा गच्चीवर जायची. तिच्या गच्चीवर तिच्या नवऱ्यानं लोखंडी अँगलचा एक उंच घोडा बनवून बसवला होता. त्याच्या अगदी वर एक आडवी प्लॅस्टिकची नळी, तिला खालून भोकंच भोकं. पंप चालू केला की त्या नळीतून पाणी झाऱ्यासारखं पडायचं. खाली एकावर एक तीन जाळीचे क्रेट, त्यांच्यात खडी. त्या खडीवरून ठिबकत ठिबकत पाणी एका निळ्या पिंपात. तिथं ते थांबायचं. मग त्या पिंपातून दुसऱ्या पिंपात, ज्यात वाळू भरलेली दिसायची. आणि तिथून खाली टाकीत.

मी ते आठ दिवस बघितलं आणि माझ्या बुद्धीनं निकाल दिला. वाळूचं पिंप हे खरं काम. बाकी वरचा झारा आणि खडीची उतरंड हा फिटर माणसाचा नखरा. कारखान्यात कामाला जाणाऱ्याला घरात काहीतरी यंत्र उभं केल्याशिवाय चैन पडत नाही, असं माझं मत होतं. शिवाय तो सगळा प्रकार उघडा. वर धूळ, कारखान्याची काजळी, चिमण्या. मी यजमानांना म्हटलं की आपण यांच्यापेक्षा चांगलं करू. आपण बंद करू.

यजमान काट्यावरचे, त्यामुळं कुठल्याही गोष्टीवर लगेच मत द्यायचं नाही, काटा स्थिर होऊ द्यायचा, हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, शेजारी विचारून बघ. मी म्हटलं, काय विचारायचं, दिसतंय की सगळं. ते म्हणाले, बरं.

दोन पिंपं आणली. पंचगंगेची वाळू आणली, ती तीनदा धुतली, चाळली. तळाला मोठी खडी, वर बारीक, वर वाळू, हे मी अगदी शेजारच्यासारखं जमवलं. प्लंबरकडून बोअरची नळी थेट पहिल्या पिंपाच्या झाकणात बसवून घेतली, झाकणाला रबर लावून घेतलं, दुसऱ्या पिंपालाही तसंच. बाहेरून आकाशी रंग दिला. कणभर हवा आत जायची सोय मी ठेवली नाही. पाहिलं तर त्यांचं ते पत्र्याचं दुकान वाटावं आणि आमचं दवाखान्यातलं वाटावं.

पंप चालू केला. थोड्या वेळानं खालच्या नळाला पाणी आलं. मी काचेच्या ग्लासात धरलं, उजेडात नेलं. स्वच्छ. एक कण नाही. मी तो ग्लास घेऊन गच्चीवर गेले, शेजारीण तिथं मिरच्या वाळत घालत होती. मी ते पाणी तिच्यासमोर उभं राहून सावकाश प्याले. चव खिळ्याचीच होती, पण मी चेहरा हलू दिला नाही.

आता इथं मी जे केलं ते माझ्यासारखीच करू शकते. कुठलीही शहाणी बाई आधी त्या पाण्यात स्वतःचा एखादा रुमाल धुऊन बघेल. मी दुपारच्या उन्हात बस पकडून अक्कांकडं गेले. त्यांना सांगितलं की आता आमच्याकडं फिल्टर झालाय, शेजारणीच्यापेक्षा बंदिस्त, तर यंदाचं गठडं माझ्याकडं द्या. अक्का म्हणाल्या, चीवर न्हाय न्हवं हुनार? मी म्हटलं, अक्का, एक डाग निघाला तर पुन्हा आयुष्यात गठड्याचं नाव काढणार नाही. सगळ्या बायकांना सांगा हवं तर. त्यांनी सांगितलं. म्हणजे आता माझी बारा वर्षं आणि पुढची सगळी वर्षं त्या एका गठड्यात बांधली गेली.

पौर्णिमेला पाच दिवस होते. गठडं आलं. मी रात्री मोठ्या घंगाळात सोडा टाकून चादरी भिजवल्या. ब्लिचिंग पावडर मी मुद्दाम टाकली नाही, तेवढं शहाणपण आलं होतं. सकाळी उठून चूळसुद्धा न भरता घंगाळापाशी गेले.

पाणी तांबडं. चादरींवर ढगाढगांनी पिवळे डाग, कडांना तर विटकरी.

यजमान आले, त्यांनी घंगाळात बघितलं, माझ्याकडं बघितलं. नळातून एक तांब्या पाणी काढलं. तांब्यातलं स्वच्छ. घंगाळातलं तांबडं. ते म्हणाले, "पाणी स्वच्छ हाय, पर त्येच्यात काय तरी हाय. शेजारी विचार."

मी दुपारपर्यंत विचारलं नाही. लिंबू आणि मीठ चोळून बघितलं, चार डाग फिके झाले, डाग मोजायला बसले तर चारशे असतील. शेवटी जेवणाच्या वेळी, म्हणजे तिचा नवरा कामावर असेल आणि साक्षीदार नसेल असं बघून, मी पदर खोचला आणि भिंतीपाशी गेले. ती पलीकडं भांडी घासत होती. मी म्हटलं, जरा आत येऊ का. ती म्हणाली, या की.

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं, फिल्टर नवा असेल म्हणून असेल, वगैरे. ती भांडं खाली ठेवून हात धुऊन आली आणि म्हणाली,

"वैनी, तुमच्या पिंपाला झाकण हाय."

"हाय की. धूळ जाऊ नये म्हणून."

"पाण्याला वारं लागाय पायजे. आमी रोज बगतोय, तुमी झाकण लावून बसलायसा."

"रोज बघताय?"

"व्हय. गच्चीवरनं दिसतंय की."

मी हिची हेरगिरी करत होते आणि ही माझी. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारलं कुठं. आणि मग, तिच्या त्या चपलेच्या आवाजासारख्या आवाजात, म्हणजे जवळजवळ आवाजच नाही, म्हणाली,

"आणि खरं सांगू? बरं वाटत हुतं मला. बारा वर्सं सगळ्या बाया तुमचंच नाव घ्यायच्या. म्या गठडं नेलं तरी म्हनायच्या, पयल्या वैनींच्या चादरी अशा आन् पयल्या वैनींच्या तशा."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगणं सभ्य नाही. घंगाळात अठरा चादरी कुजत पडल्या होत्या आणि मी मनात नाचत होते की ही माझा मत्सर करते.

संध्याकाळी तिचा नवरा कामावरून आला. त्यानं डबासुद्धा खाली ठेवला नाही, थेट आमच्या गच्चीवर गेला, झाकण उघडून आत बघितलं आणि मला आणि यजमानांना समजावलं. यजमान ऐकताना मान हलवत होते, कारण तो त्यांच्या भाषेत बोलला.

"दादा, साखर पान्यात इरगळली की फडक्यानं गाळून येगळी निघंल का?"

"न्हाय."

"तसंच ह्ये. खालनं येतंय तवा लोखंड पान्यात इरगळलेलं हाय, म्हनून तर पानी स्वच्छ दिसतंय. वाळूतनं तसंच निघून जातंय. वारं लागलं की त्येचा गंज हुतोय, गंजाचं कन हुत्यात, आन् कन वाळूत अडकत्यात. तुमी वारंच बंद केलंय. मग त्येला वारं घंगाळात लागलं. गंज चादरीवर धरला."

म्हणजे तो झारा नखरा नव्हता. तो झाराच खरं काम होता. पाणी बारीक धारांनी पडलं पाहिजे, खडीवर फुटलं पाहिजे, पसरलं पाहिजे, म्हणजे त्याला सगळीकडून हवा लागते. मग ते पिंपात थांबलं पाहिजे, म्हणजे गंजाचे कण जमतात, काही तळाला बसतात. मग वाळू. कागलच्या त्यांच्या कंपनीत बोअरचं पाणी असंच कारंजासारखं उडवून मग गाळत होते, तिथं तो हे शिकला होता. मी त्यातलं शेवटचं पिंप तेवढं चोरलं आणि आधीचं सगळं फेकून दिलं. नक्कल करावी तर पूर्ण करावी एवढी अक्कल मला वयाच्या चाळिशीत आली.

त्यानं दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून झाकण उतरवलं, नळीला भोकं पाडली, क्रेट चढवले. धुळीसाठी वरून मच्छरदाणीची जाळी बांधून दिली, हवा जाईल आणि चिमण्या येणार नाहीत अशी. पण जाताना म्हणाला की हे लगेच जमणार नाही. खडीवर आणि वाळूवर तांबडा थर चढला की तो थरच पुढचं लोखंड धरायला लागतो, त्याला काही आठवडे जातात. तोवर पाणी पूर्ण साफ नाही यायचं.

माझ्याकडं आठवडे नव्हते. माझ्याकडं तीन दिवस होते.

त्या तीन दिवसांत विहाराचं गठडं माझ्या शेजारणीच्या अंगणात धुतलं गेलं. भावजींनी हार्डवेअरच्या दुकानातून गंज काढायची पांढरी पूड आणली, ऑक्झॅलिक अॅसिड. हातात रबरी मोजे घालून आम्ही दोघींनी तिच्या गाळलेल्या पाण्यात ती विरघळवून एकेक चादर बुडवली. विटकरी कडा डोळ्यांसमोर फिकट होत गेल्या, पिवळ्या झाल्या, गेल्या. मग तिच्याच पाण्यात पाच-पाच वेळा खळबळून काढल्या, त्या पुडीचा अंशही राहता कामा नये म्हणून. बादल्या तिच्या, पाणी तिचं, दोरी तिची, पिळायला एक टोक तिच्या हातात आणि एक माझ्या. चादरी वाळल्या तेव्हा त्या तिच्या दोरीवर होत्या आणि मला त्याही वेळी, एवढे उपकार घेऊनही, वाटत होतं की माझ्या दोरीवर त्या आणखी पांढऱ्या दिसल्या असत्या.

पौर्णिमेला सकाळी गठडं मी उचललं. ती मागून चालत होती. विहारात मी ते सोडलं, पहिली चादर झटकली आणि बायकांमधून ते जुनं हुंकारासारखं काहीतरी उमटलं, ज्यासाठी मी दोन वर्षं जळत होते. अक्कांनी चष्मा पुसला, चादर उजेडात धरली.

"न्हाय बाई. न्हाय डाग. तुज्या फिल्टरात धुतलंस?"

शेजारीण माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. मी म्हटलं, "व्हय अक्का."

एवढंच. दोन शब्द. स्टूल पुढं आलं, मी वर चढले, पडदा लावला, खाली बघितलं. सगळ्या माना वर होत्या. एक तेवढी खाली होती.

मग वंदना सुरू झाली आणि पंचशील आलं. मी ते लहानपणापासून म्हणत आले, झोपेत उठवलं तरी म्हणेन. पहिलं शील, दुसरं, तिसरं मोठ्या आवाजात म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. भन्तेजींनी म्हटलं, सगळ्या बायकांनी मागून म्हटलं, आणि माझ्या तोंडातून आवाजच निघेना. मला वाटलं घसा बसला. पाचव्याला बघते तर आवाज व्यवस्थित. म्हणजे घशाचा प्रश्न नव्हता.

वंदना संपली. खीर वाटायची तयारी सुरू झाली. मी अक्कांकडं गेले आणि म्हटलं, चादरी यांच्या पाण्यात धुतल्यात, माझ्या फिल्टरात त्या तांबड्या झाल्या होत्या. हळू म्हणायचा माझा विचार होता, पण मला हळू बोलता येत नाही, हा माझा जन्मजात दोष आहे. सगळ्या विहारानं ऐकलं.

अक्कांनी चष्मा सावरला. मग म्हणाल्या, "आयुष्यात नाव काढनार न्हाय म्हनलीस. गठडं हिच्याकडं." आणि खीर घ्यायला गेल्या.

संध्याकाळी पडदे उतरवून, चादरी घड्या करून गठडं बांधलं आणि शेजारणीच्या घरी ठेवायला दिलं. बसपर्यंत चालताना मी म्हटलं, जड असेल, एक टोक मी धरते. ती म्हणाली, "नको वैनी, जमतंय मला." आणि चपलेचा आवाज न करता पुढं चालत राहिली, गठडं कमरेवर घेऊन. ती बाई त्या दिवशी जितकी डौलात चालली तितकी मी तिला आधी कधीही बघितली नव्हती. मी मागून जळत आले.

आता माझ्या फिल्टरला वेळच वेळ होता. आणि मी पुन्हा चूक केली. पहिल्या पंधरवड्यात खडीवर तांबडा थर चढायला लागला की मला ते बघवेना. मी क्रेट उतरवून, काथ्या आणि राख घेऊन ती खडी तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी घासायची, पांढरी करून परत ठेवायची. आणि पाणी पुन्हा पिवळं. असं महिनाभर चाललं. एका सकाळी शेजारच्या गच्चीवरून आवाज आला,

"घासू नका वैनी. ती घाण न्हाय, तीच काम करतीया."

या वेळी तिनं न विचारता सांगितलं. का सांगितलं मला माहीत नाही. कदाचित गठडं तिच्याकडं होतं म्हणून परवडत असेल. मी घासायचं थांबवलं. खडी तांबडी झाली, वाळू तांबडी झाली, आठवड्यातून एकदा वाळूवर साचलेला तेवढा चिखल मी वरून खरवडून काढायची आणि खालून उलटं पाणी सोडून धुवायची, जास्त काही नाही. दिवाळीच्या सुमाराला चहा तांबूस व्हायला लागला, खराखुरा चहाच्या रंगाचा. यजमानांचा बनियन हळूहळू आपल्या मूळ वर्णावर आला. मार्चमध्ये मी एक जुनी पांढरी चादर सोड्यात रात्रभर भिजवली, सकाळी काढली आणि दोरीवर घातली. यजमान तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांचा काटा स्थिर झाला आणि ते म्हणाले, जमलं.

मी शब्द दिला होता, म्हणून अक्कांकडं गेले नाही. गठड्याचं नाव काढलं नाही. फक्त ती चादर महिनाभर दोरीवरून काढलीच नाही. रोज ओली करायची आणि रोज वाळत घालायची.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी भिंतीपलीकडून शेजारणीनं हाक मारली. मी गेले. तिनं गठडं भिंतीवर ठेवलं आणि माझ्या बाजूला ढकललं. मी म्हटलं, अक्का काय म्हणतील. ती म्हणाली, "अक्कांस्नी म्या सांगितलंय. बगू तरी तुमचं पानी."

मी चादरी माझ्या पाण्यात भिजवल्या, माझ्या पाण्यात खळबळल्या आणि माझ्या दोरीवर घातल्या. दुपारी सहज वर बघितलं तर शेजारच्या गच्चीवर ती उभी होती. हातात मिरच्यांचं सूप, पण मिरच्यांकडं लक्ष नाही. वाकून, मान तिरकी करून, पहिल्या चादरीपासून अठराव्या चादरीपर्यंत, वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत ती एकेक धागा तपासत होती. मधेच दुसऱ्या टोकाला जाऊन उन्हाच्या बाजूनंही बघून आली.

चादरी दोन वाजताच कडक वाळल्या होत्या. मी त्या दिवे लागेपर्यंत काढल्या नाहीत.